‘सुरक्षेत सुधारणा’ या एका ओळीमुळे अडलेला ताळेबंद : लिबरऑफिस २४.२ च्या रिलीज नोट्सचा सारांश

२०२४ च्या जून महिन्यात एका पतसंस्थेच्या अकरा संगणकांवर लिबरऑफिसची नवी आवृत्ती बसवण्याचे काम माझ्याकडे होते. तोपर्यंत तिथे ७.५ ही आवृत्ती चालत होती आणि आता २४.२ बसवायची होती. ठेवी आणि कर्जांचा मुख्य व्यवहार वेगळ्या प्रणालीत चालतो. लिबरऑफिसचा उपयोग पत्रे, सभेची इतिवृत्ते, थकबाकीच्या याद्या, ताळेबंदाला जोडायचे तक्ते आणि वर्षातून एकदा वार्षिक सभेत दाखवायच्या स्लाइड यांसाठी होतो. व्यवस्थापकांची एकच अट होती की कर्मचाऱ्यांना काय बदलले हे एका पानात, मराठीत आणि आधी लिहून मिळावे. ते पान मी रिलीज नोट्स, म्हणजे आवृत्तीबरोबर येणारी बदलांची अधिकृत माहिती, वाचून लिहिले, वाटले, आणि त्यातील एका ओळीच्या मांडणीमुळे पुढे दोन दिवस लेखापरीक्षण अडले. ती ओळ खोटी नव्हती, ती चुकीच्या रकान्यात होती. ती तिथे कशी गेली आणि पान पुन्हा कसे लिहिले, याची ही नोंद आहे.

मूळ नोट्स कशा असतात

लिबरऑफिस ‘द डॉक्युमेंट फाउंडेशन’ या ना-नफा संस्थेच्या छत्राखाली तयार होते. साधारण दर सहा महिन्यांनी, फेब्रुवारी आणि ऑगस्टच्या सुमारास, मोठी आवृत्ती येते आणि मधल्या काळात २४.२.१, २४.२.२ अशा दुरुस्तीच्या आवृत्त्या येत राहतात. २४.२ ची घोषणा ३१ जानेवारी २०२४ रोजी झाली. ७.६ नंतर थेट २४.२ आल्यामुळे मधल्या आवृत्त्या आपल्याकडून राहून गेल्या, असे पुष्कळांना वाटले. प्रत्यक्षात त्या आवृत्तीपासून क्रमांक वर्ष आणि महिना यांवरून देण्याची पद्धत सुरू झाली. म्हणजे २४ हे वर्ष आणि २ हा फेब्रुवारी महिना. सामान्य वापरकर्त्याला या बदलाबद्दल एवढे एक वाक्य पुरते.

मोठ्या आवृत्तीच्या नोट्स प्रोग्रामच्या भागांनुसार लावलेल्या असतात. आधी सर्वसाधारण, मग पत्रे लिहिण्याचा रायटर, तक्त्यांचा कॅल्क, स्लाइडचा इम्प्रेस आणि चित्रांचा ड्रॉ, नंतर सुरक्षा, आणि असेच पुढे. ही रचना ज्यांनी काम केले त्यांच्या दृष्टीने सोयीची आहे, कारण कॅल्कवर काम करणारा कॅल्कचा भाग लिहितो. थकबाकीची यादी करणाऱ्या लिपिकाला मात्र त्यातून ‘उद्या सकाळी माझ्या कामात काय वेगळे होईल’ हे कळत नाही. दुरुस्तीच्या आवृत्त्यांच्या नोट्स तर याहून कोरड्या असतात. तिथे `tdf#` ने सुरू होणाऱ्या तक्रार-क्रमांकांची लांबलचक यादी असते आणि प्रत्येक क्रमांकापुढे, कुठल्या परिस्थितीत काय बिघडत होते, याची एक तुटक ओळ असते.

मी मूळ मजकूर प्रामाणिकपणे वाचला होता. परंतु वाचताना एक गोष्ट मात्र राहून गेली. संस्था ७.५ वरून २४.२ वर जात होती आणि मधली ७.६ तिने कधी वापरलीच नव्हती, म्हणून ७.६ च्या नोट्सही माझ्या कामाचा भाग होत्या. आवृत्ती ओलांडून पुढे जाणाऱ्याने मधल्या प्रत्येक आवृत्तीच्या नोट्स वाचाव्या लागतात, कारण प्रत्येक नोट फक्त आपल्या लगतच्या मागील आवृत्तीशी तुलना करते. पृष्ठक्रमांक घालण्याची सोपी खिडकी `Insert` मेनूमध्ये ७.६ मध्येच आली होती. इतिवृत्त लिहिणाऱ्या कर्मचाऱ्याला त्या वर्षातील सर्वांत उपयोगी पडणारी सोय हीच होती, कारण तोवर ते आधी फूटर उघडत, मग त्यात क्रमांक घालत आणि शेवटी तो मध्यभागी आणत. माझ्या पहिल्या पानात ती नव्हती.

पहिले पान

पहिल्या पानाचे तीन भाग मी केले होते : नवीन सोयी, दुरुस्त्या आणि बदल. नवीन सोयींमध्ये कॅल्कमध्ये ज्या खान्यावर आपण आहोत त्याची आडवी ओळ आणि उभा रकाना रंगवून दाखवण्याची सोय, बाजूच्या पट्टीतील सूत्रांमध्ये नाव टाकून शोधण्याची सोय, पासवर्ड किती भक्कम आहे हे दाखवणारी पट्टी, फाइलचा आपोआप होणारा बॅकअप, आणि शेवटी ही ओळ होती : ‘पासवर्ड लावलेल्या फाइली आता पूर्वीपेक्षा अधिक सुरक्षित पद्धतीने जतन होतात.’

दुरुस्त्यांमध्ये टॅबच्या रूपातील मेनूपट्टीतील सुधारणा होत्या. बदलांमध्ये दोनच गोष्टी होत्या. एक आवृत्ती-क्रमांकाची नवी पद्धत आणि दुसरी इम्प्रेसमधील सादरकर्त्याचा पडदा व मोबाइलवरून स्लाइड पुढे नेण्याची सोय यांच्या सेटिंगची नवी जागा. ती पूर्वी `Tools > Options` मध्ये होती, आता `Slide Show > Slide Show Settings` मध्ये गेली आहे.

हे पान वाचणाऱ्या कोणालाही त्यात चूक सापडली नसती. मूळ नोट्समध्येही पासवर्डच्या नव्या कुलूपपद्धतीची माहिती सुरक्षेच्या सुधारणा म्हणूनच दिलेली आहे आणि ती खरोखर सुधारणाच आहे.

काय घडले

पान वाटल्यानंतर बारा दिवसांनी लेखापालबाईंनी ताळेबंदाला जोडायचा तक्ता, म्हणजे एक `.ods` फाइल, नेहमीप्रमाणे पासवर्ड लावून लेखापरीक्षकांच्या कार्यालयात ईमेलने पाठवला. पासवर्ड फोनवर सांगितला. तिकडून थोड्या वेळाने निरोप आला की फाइल उघडत नाही.

यानंतरचे दोन दिवस प्रत्येकाने आपापल्या अनुभवावरून कारण शोधले आणि प्रत्येक कारण पटण्यासारखे होते. बाईंना वाटले की पासवर्ड टाकताना आपला कीबोर्ड मराठीवर राहिला असावा. हे खरोखर अनेकदा होते, कारण पासवर्डच्या चौकटीत ठिपकेच दिसतात आणि अक्षरे कोणत्या लिपीत पडली ते कळत नाही. त्यांनी फाइल नवा, फक्त अंकांचा पासवर्ड लावून पुन्हा पाठवली. तीही उघडली नाही. लेखापरीक्षकांच्या सहायकाला वाटले की ईमेलमध्ये फाइल खराब झाली, म्हणून एक मुलगा पेनड्राइव्ह घेऊन गेला. फाइल तरीही उघडली नाही. त्यावर पेनड्राइव्हमध्ये व्हायरस असल्याची शंका आली. पडद्यावर कुठेही ‘ही फाइल तुमच्या आवृत्तीला न समजणाऱ्या पद्धतीने बंद केली आहे’ असे लिहून आले नाही, आणि ते येणेही शक्य नव्हते, कारण जुन्या प्रोग्रामला नव्या पद्धतीचे अस्तित्वच ठाऊक नसते.

तिसऱ्या दिवशी मला फोन आला तेव्हा मी तीन गोष्टी करून पाहायला सांगितल्या. त्याच फाइलची पासवर्ड नसलेली, आकडे काढून टाकलेली प्रत पाठवा. ती तिकडे लगेच उघडली. म्हणजे ईमेल, पेनड्राइव्ह आणि फाइलचा प्रकार यांत दोष नव्हता. मागील वर्षाची, तोच पासवर्ड असलेली फाइल त्यांच्याकडे होती, ती उघडा, तीही उघडली. म्हणजे पासवर्ड टाकण्यात चूक नव्हती. शेवटी त्यांच्या संगणकावर `Help > About LibreOffice` उघडून आवृत्ती वाचून दाखवा, असे सांगितले. उत्तर आले, ७.४. त्या क्षणी मला माझ्या पानातील शेवटची ओळ आठवली.

त्या एका ओळीच्या मागे काय होते

ओडीएफ फाइल, म्हणजे `.odt` किंवा `.ods`, बाहेरून एक फाइल दिसत असली तरी प्रत्यक्षात ती एक झिप पेटी असते. तिच्यात मजकुरासाठी `content.xml`, मांडणीसाठी `styles.xml`, फाइलच्या माहितीसाठी `meta.xml` अशा वेगवेगळ्या फाइली असतात. जुन्या पद्धतीत पासवर्ड लावला की यांतील प्रत्येक फाइल वेगवेगळी कुलूपबंद होत असे. आतला मजकूर वाचता येत नसे, पण पेटीत कोणत्या नावाच्या किती फाइली आहेत, चित्रे आहेत का, त्यांचा आकार केवढा, हे बाहेरून दिसत असे.

२४.२ पासून नेहमीच्या सेटिंगमध्ये ही संपूर्ण पेटीच एका कुलपात जाते. आतला आराखडा दिसत नाही, कोणी मधल्या मध्ये फाइलशी छेडछाड केली तर ते ओळखता येते आणि पासवर्डचा अंदाज बांधण्याचा प्रत्येक प्रयत्न संगणकाला पूर्वीपेक्षा पुष्कळ जड जातो. दोन्ही फाइली शेजारी ठेवून मी पुढील आज्ञा चालवली तेव्हा फरक डोळ्यांना दिसला.

```
unzip -l taleband.ods
```

मागील वर्षाच्या फाइलमध्ये `content.xml`, `styles.xml` वगैरे ओळखीच्या नावांची यादी आली. नव्या फाइलमध्ये मजकुराच्या जागी `encrypted-package` हे एकच नाव होते. ७.४ ही आवृत्ती `content.xml` शोधते आणि ती तिथे नसते. ज्यांच्याकडे आज्ञा लिहिण्याची सोय नाही त्यांनी फाइलची प्रत काढून तिच्या नावाचा शेवट `.zip` असा केला आणि ती उघडली, तरी हाच फरक दिसतो.

यातील सर्वांत महत्त्वाची बाब पुढेच आहे. बाईंनी कोणतीही नवी सोय वापरली नव्हती. त्यांनी मागील वर्षाची फाइल उघडली, नवे आकडे भरले आणि ‘सेव्ह’ केली. तेवढ्याने फाइल नव्या कुलपात गेली. ज्या पानावर मी ‘नवीन सोयी’ असे शीर्षक दिले होते, त्याखालील गोष्टी आपण हात लावल्याशिवाय सुरू होत नाहीत, असे वाचणाऱ्याने समजणे स्वाभाविक होते. बाईंनी तसेच समजले आणि त्यांचे चुकले नाही.

उपाय दोन होते. लेखापरीक्षकांनी आपली आवृत्ती वाढवावी हा पहिला आणि चांगला, पण तो आपल्या हातात नव्हता; त्यांच्याकडे अनेक संस्थांची कामे चालू होती आणि ऐन हंगामात कोणी कार्यालयातील संगणक बदलत नाही. दुसरा उपाय आपल्या बाजूचा होता. `Tools > Options > Load/Save > General` या पानावर `ODF format version` अशी एक चौकट आहे. तिथे नेहमीच्या निवडीऐवजी `1.2 Extended (compatibility mode)` निवडून फाइल पुन्हा सेव्ह केली की जुन्या पद्धतीचे कुलूप लागते. ही निवड केल्यावर तिथेच सूचना येते की शिफारस केलेली पद्धत न वापरल्यास काही माहिती गमावली जाऊ शकते. ती सूचना दुर्लक्ष करण्याजोगी नाही, म्हणून तक्ता पाठवून झाल्यावर आम्ही ती निवड पुन्हा पूर्ववत केली. फाइल त्याच दुपारी तिकडे उघडली.

हे सर्व फक्त ओडीएफ फाइलींना लागू आहे. संस्थेतील दुसरे एक लिपिक `.xlsx` मध्ये सेव्ह करून पासवर्ड लावत असत, त्यांची फाइल कधीच अडली नाही, कारण त्या प्रकाराची कुलूपपद्धत वेगळी आहे. दोन शेजारच्या टेबलांवर एकाचे चालते आणि एकाचे नाही, यामुळे सुरुवातीचा गोंधळ अधिकच वाढला होता.

रकाने ठरवण्याची कसोटी

यानंतर मी मूळ नोट्स पुन्हा काढल्या आणि प्रत्येक मुद्द्याला मूळ शीर्षक बाजूला ठेवून काही प्रश्न विचारले. माणसाने काहीच केले नाही, फक्त नेहमीचे काम नेहमीच्या पद्धतीने केले, तर या मुद्द्यामुळे काही बदलते का? उत्तर ‘नाही’ असेल तर ती नवी सोय. उत्तर ‘हो’ असेल तर ती मूळ नोटमध्ये कितीही गौरवाने सांगितली असली तरी आपल्या पानात सवय मोडणाऱ्या बदलांतच जाते. आणि त्यापुढचा प्रश्न असा की, हा बदल आपल्या पडद्यावर दिसतो, की आपली फाइल दुसऱ्याच्या हातात गेल्यावर दिसतो? दुसऱ्या प्रकारचा बदल मी आता सर्वांत वर लिहितो, कारण तो करणाऱ्याला तो झाल्याचे कळत नाही आणि ज्याला त्रास होतो त्याच्या हातात आपले पान नसते.

ही कसोटी लावल्यावर पहिल्या पानातील मुद्दे जागा बदलू लागले. ओळ आणि रकाना रंगवण्याची सोय `View` मेनूतून सुरू करावी लागते. ती नवी सोयच राहिली. सूत्र शोधण्याची चौकटही तिथेच राहिली. कुलूपपद्धत बदलांमध्ये आणि तीही सर्वांत वर गेली. बॅकअपचा मुद्दाही तिथून हलला आणि त्याबद्दल थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण त्या ओळीनेही एक चूक घडवलीच होती, फक्त ती वेळेवर लक्षात आली.

२४.२ मध्ये दोन गोष्टी मुळातच चालू करून दिल्या गेल्या. पहिली, प्रोग्राम किंवा वीज अचानक गेल्यास काम परत मिळावे म्हणून ठरावीक वेळाने आपोआप होणारी नोंद. दुसरी, फाइल सेव्ह करताना तिच्या आधीच्या स्थितीची बॅकअप प्रत ठेवणे. हेतू असा की नवख्या माणसाचे काम वाया जाऊ नये. माझ्या पहिल्या पानात यासाठी एवढीच ओळ होती : ‘फाइलचा बॅकअप आता आपोआप होतो.’ एका शाखेतील मॅडम दर शनिवारी महत्त्वाच्या फाइली पेनड्राइव्हवर घेत असत. त्यांनी मला विचारले, “सर, आता शनिवारचं पेनड्राइव्हचं काम बंद केलं तर चालेल ना?” त्यांनी विचारले म्हणून बरे झाले. ‘बॅकअप’ हा शब्द त्यांच्या कामात संगणक बिघडला तरी हाताशी राहणारी प्रत या अर्थाने येतो. प्रोग्रामची बॅकअप प्रत मात्र त्याच संगणकावर, बहुधा त्याच डिस्कवर, वापरकर्त्याच्या खात्यातील एका आतल्या फोल्डरमध्ये बसते आणि ती फाइलची फक्त लगेच आधीची स्थिती असते. डिस्क गेली की मूळ फाइल आणि ही प्रत दोन्ही एकत्र जातात. जो शब्द वाचणाऱ्याच्या कामात आधीच एका अर्थाने रुळलेला आहे, तो सारांशात दुसऱ्या अर्थाने वापरायचा असेल तर त्याच वाक्यात तो अर्थ सांगावा लागतो.

याच मुद्द्याची दुसरी बाजूही आहे. एकाच संगणकावर आणि एकाच खात्यावर दोघे-तिघे आळीपाळीने बसत असतील, तर एखाद्याने आपली फाइल पुसून टाकली तरी तिची आधीची प्रत त्या फोल्डरमध्ये राहिलेली असू शकते. पतसंस्थेत सभासदांच्या थकबाकीच्या याद्या असतात, त्यामुळे ही बाब व्यवस्थापकांना वेगळी सांगितली.

आणखी एक मर्यादा मला अकरा संगणक फिरून झाल्यावरच दिसली. मुळातली सेटिंग बदलली तरी ज्याने ती सेटिंग पूर्वी स्वतः हाताने ठरवली होती, त्याची निवड नवी आवृत्ती तशीच ठेवते. त्यामुळे ‘आता बॅकअप प्रत निघते’ हे वाक्य प्रत्येक संगणकाबद्दल खरे नसते. सारांशात अशा वेळी ‘तुम्ही ही सेटिंग कधी बदलली नसेल तर’ एवढे शब्द घालावे लागतात, आणि ते घातले नाहीत तर शेजारच्या टेबलावर वेगळे दिसल्याबरोबर सगळ्या पानावरचा विश्वास उडतो.

दुरुस्त्यांचे काय करावे

दुरुस्त्यांच्या यादीवर मी सर्वांत कमी जागा खर्च केली. शेकडो ओळींतून तीनच प्रकारच्या ओळी वेचल्या : जिथे प्रोग्राम बंद पडत होता किंवा माहिती जात होती, जी तक्रार आपल्यापैकी कोणी प्रत्यक्ष केली होती, आणि जी टाळण्यासाठी कोणी आडवाट शोधून ठेवली होती. तिसरा प्रकार सर्वांच्या नजरेतून सुटतो. दोष दुरुस्त झाला की आडवाट निरुपयोगी होते, कधी उलटही पडते, आणि म्हणून आडवाट वापरणाऱ्यासाठी ती दुरुस्ती म्हणजे सवय मोडणारा बदलच असतो. यासाठी नोट्स वाचण्याआधी कर्मचाऱ्यांना ‘तुम्ही कुठे काही जुगाड करून काम चालवता का’ असे विचारणे हाच एक मार्ग आहे. ती माहिती कोणत्याही नोटमध्ये नसते.

इंग्रजीतील मुद्दा मराठी कामाला लागू होतो का, हेही याच वेळी पाहिले. इम्प्रेसमध्ये लहान आकाराची कॅपिटल अक्षरे नीट दाखवण्याची सोय २४.२ मध्ये आली. इंग्रजी मजकुराच्या जुन्या स्लाइडमध्ये यामुळे शब्दांची लांबी बदलून ओळ खाली घसरू शकते, म्हणून इंग्रजी कार्यालयात तो मुद्दा बदलांमध्ये लिहावा लागला असता. देवनागरीत लहान-मोठी लिपीच नाही. संस्थेच्या स्लाइड पूर्ण मराठीत असल्यामुळे तो मुद्दा मी गाळला.

दुसरे पान

दुसऱ्या पानात रकाने केले नाहीत, कारण रकान्यांमध्ये वाक्ये आखूड होतात आणि अटी गळून पडतात. सुरुवातीचा भाग असा होता :

“पासवर्ड लावलेली `.odt` किंवा `.ods` फाइल या आवृत्तीत एकदा जरी सेव्ह केली, तरी ती जुन्या लिबरऑफिसमध्ये उघडत नाही; पासवर्ड बरोबर असूनही उघडत नाही. जुनी फाइल उघडून पुन्हा सेव्ह केली तरी हेच होते. संस्थेच्या सर्व संगणकांवर नवी आवृत्ती आहे, त्यामुळे आपसात अडचण येणार नाही. बाहेर फाइल पाठवण्यापूर्वी समोरच्यांना `Help > About LibreOffice` मधील आकडा विचारावा. तो २४.२ किंवा पुढचा असेल तर काहीच करायचे नाही. ७ ने सुरू होत असेल तर फाइल पाठवण्यापूर्वी मला फोन करावा.

फाइल सेव्ह करताना तिची आधीची प्रत आता याच संगणकावर ठेवली जाते, तुम्ही ही सेटिंग पूर्वी कधी बदलली नसेल तर. चुकून काही पुसले गेल्यास तिचा उपयोग होतो. संगणक बिघडल्यास तिचा उपयोग होत नाही. पेनड्राइव्हवर प्रत घेण्याचे शनिवारचे काम पूर्वीप्रमाणेच करायचे आहे.

वार्षिक सभेत मोबाइलवरून स्लाइड पुढे नेण्याची सेटिंग आता `Slide Show > Slide Show Settings` मध्ये आहे.”

यानंतर नवीन सोयी, पृष्ठक्रमांकाच्या खिडकीसह, आणि त्यानंतर चार ओळींत दुरुस्त्या. ‘अधिक सुरक्षित’ हे शब्द पूर्ण पानात कुठेच नव्हते. कुलूप का बदलले हे ज्याने विचारले त्याला तोंडी सांगितले. फोन करा, असे लिहिण्याऐवजी सेटिंग बदलण्याच्या पायऱ्याच द्याव्यात, असे व्यवस्थापकांचे म्हणणे होते. मी त्याला नकार दिला, कारण ती निवड पूर्ववत करायची राहिली तर त्या संगणकावरील पुढची प्रत्येक फाइल जुन्या पद्धतीने सेव्ह होत राहिली असती आणि तेही कोणाला कळले नसते.

त्यानंतरच्या आवृत्त्या

ऑगस्ट २०२४ मध्ये २४.८ आली. तिच्या नोट्समध्ये कॅल्कला `XLOOKUP`, `FILTER`, `SORT`, `UNIQUE` ही सूत्रे मिळाल्याचा मोठा उल्लेख होता. पहिल्या कसोटीने या सोयी ठरतात, कारण कोणी वापरल्याशिवाय त्या काही करत नाहीत. दुसरा प्रश्न विचारल्यावर मात्र त्यांच्याखाली एक वाक्य आपोआप आले : ही सूत्रे वापरलेली फाइल जुन्या आवृत्तीत उघडेल, परंतु तिथे पुन्हा हिशोब झाला की त्या खान्यात आकड्याऐवजी चूक दिसेल, म्हणून बाहेर पाठवायच्या तक्त्यात सूत्राऐवजी आकडे चिकटवावेत. पासवर्डच्या फाइलपेक्षा ही अवस्था अधिक फसवी आहे, कारण फाइल उघडते आणि पहिल्या नजरेला सर्व ठीक दिसते.

फेब्रुवारी २०२५ मधील २५.२ च्या नोट्समध्ये संस्थेच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची ओळ कोणत्याही सोयीबद्दल नव्हती. विंडोज ७, ८ आणि ८.१ यांवरील आधार लवकरच संपणार असून २५.८ मध्ये तो काढून टाकला जाईल, असे तिथे सांगितले होते. ही ओळ त्या दिवशी कोणाचेही काम बदलत नव्हती, त्यामुळे माझ्या दोन्ही प्रश्नांतून ती निसटली असती. तिच्यासाठी पानाच्या अगदी वर ‘ऑगस्टपूर्वी करायचे’ असा वेगळा भाग केला. संस्थेत विंडोज ७ चे दोन संगणक होते, एक वसुली विभागात आणि एक शाखेत शनिवारचा पेनड्राइव्ह जिथे लागतो तो. त्या भागात त्या दोन संगणकांच्या जागा लिहिल्या आणि पानाची ती प्रत कर्मचाऱ्यांना वाटण्याआधी व्यवस्थापकांकडे दिली, कारण नवे संगणक घ्यायचे तर मार्चपूर्वी अंदाजपत्रकात तरतूद व्हायला हवी होती.